दोन ग्राहकयाद्यांमधला फरक कसा काढायचा

मतदार यादीची पुरवणी पाहिली असेल, तर या कामाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नवी नावे, वगळलेली नावे आणि दुरुस्त्या तिथे वेगवेगळ्या दाखवतात. दुकानाच्या ग्राहकयादीलाही हीच रीत लागू पडते.

नातेपुते बाजारपेठेतले एखादे कृषी सेवा केंद्र धरा. उधारीचे ग्राहक दहिगाव, मोरोची, फोंडशिरस अशा आसपासच्या गावांतले. मार्चअखेरच्या एक्सेल यादीत ४१२ खाती होती, जूनअखेरच्या यादीत ४१९ आहेत. म्हणजे सात ग्राहक वाढले, असे म्हणून मोकळे होता येत नाही. पंधरा नवे आले आणि आठ गळाले, तरी बेरीज तीच येते. आणि त्या आठांपैकी कुणाकडे उधारी बाकी असेल, तर ती विसरली जाईल.

ओळख कशावरून पटवायची

यादीत ग्राहक कायम एकाच खुणेने ओळखला गेला पाहिजे. नाव चालत नाही, कारण एका गावात एकाच नावाचे दोघे सहज असतात. मोबाइल नंबर बदलतो, आणि तोच ओळख मानला तर नंबर बदललेला माणूस ‘एक गेला, एक आला’ असा दोनदा दिसतो. म्हणून खाते क्रमांक हवा. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही आणि बंद झालेला दुसऱ्याला द्यायचा नाही. वडिलांचे खाते मुलाच्या नावावर झाले आणि बाकीही त्याच्याकडे गेली, तर क्रमांक तोच ठेवून नावातला बदल नोंदवावा, असे माझे मत आहे. नवे खाते उघडले की जुन्या उधारीचा धागा तुटतो.

तीन सूत्रे

दोन्ही याद्या एकाच फाइलमध्ये ‘जुनी’ आणि ‘नवी’ अशा दोन शीटवर ठेवा. पहिल्या रकान्यात खाते क्रमांक, मग नाव, गाव, मोबाइल. ‘नवी’ शीटच्या मोकळ्या रकान्यात हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढा:

```
=ISNA(MATCH(A2,'जुनी'!A:A,0))
```

`TRUE` आले तर ते खाते जुन्या यादीत नव्हते, म्हणजे नवे. ‘जुनी’ शीटवर हेच सूत्र `'नवी'!A:A` घालून लिहिले की गळालेली खाती सापडतात. उरलेल्या खात्यांतले बदल रकान्यागणिक तपासायचे. मोबाइलसाठी ‘नवी’ शीटवर असे:

```
=EXACT(D2,INDEX('जुनी'!D:D,MATCH(A2,'जुनी'!A:A,0)))
```

`FALSE` म्हणजे बदल. नव्या खात्यांसमोर `#N/A` येईल, ते बरोबरच आहे.

खोटे बदल

फरक पुष्कळ दिसला की आधी यादीवर संशय घ्यावा, ग्राहकांवर नाही. सगळीच खाती एकीकडे नवी आणि दुसरीकडे गळालेली दिसली, तर बहुधा एका शीटवर क्रमांक आकडा म्हणून आणि दुसरीवर मजकूर म्हणून साठलेला असतो. गळालेली सगळी खाती एकाच गावची असतील, तर कुणीतरी फिल्टर लावलेला असताना यादी कॉपी केली असणार. मोबाइलचा जवळजवळ प्रत्येक नंबर बदललेला दिसला, तर तो एकच रकाना सॉर्ट होऊन नंबर भलत्याच नावांसमोर गेले आहेत. अशी यादी दुरुस्त करत बसू नये, जुन्या प्रतीवरून पुन्हा सुरुवात करावी.

मराठी नावांत आणखी एक खोच आहे. ‘गोऱ्हे’ लिहिताना एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे अक्षर साठते, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण `EXACT` त्यांना वेगळे ठरवते. नावापुढे राहिलेली मोकळी जागाही तशीच. ती `TRIM` ने जाते. ‘ऱ’ मात्र शोधून एकाच पद्धतीने बदलून घ्यावा लागतो.

शेवटी ताळा करा: जुनी खाती ४१२, अधिक नवी १५, उणे गळालेली ८, म्हणजे ४१९. उत्तर जुळले नाही, तर कुठेतरी एक क्रमांक दोनदा आला आहे. पण नवा क्रमांकच दोनदा लिहिला गेला असेल, तर ताळा जुळूनही चूक राहते. म्हणून दुहेरी क्रमांक आधीच पाहून घ्यावेत.

बदलनोंद

सापडलेले फरक तिसऱ्या शीटवर उतरवायचे. एका बदलाला एक ओळ: तारीख, खाते क्रमांक, प्रकार, रकाना, जुनी माहिती, नवी माहिती आणि कुणी सांगितले. एकाच ग्राहकाचे गाव आणि मोबाइल दोन्ही बदलले, तर दोन ओळी. इथे सूत्रे नकोत, फक्त मूल्ये पेस्ट करावीत, नाहीतर पुढच्या तिमाहीत ‘जुनी’ शीट बदलली की जुनी नोंदही बदलेल. लिहिलेली ओळ खोडू नये. चूक झाली तर खाली दुरुस्तीची नवी ओळ लिहावी. गळालेल्या खात्यासमोर त्या दिवशीची उधारीही लिहून ठेवा. वसुलीला गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी तोच आकडा लागतो.