सरणापुढचे तीन काळ

वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात नागपूर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर किन्हीराजा आहे. तिथल्या, किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही गावच्या मातीला गेलात, तर एक क्षण ठरलेला असतो. तिरडी विसाव्याला टेकते, खांदेकरी बदलतात, मंडळी पुढे निघतात. तेवढ्यात कुणीतरी पाठीमागून येऊन हळूच खांद्याला हात लावतो. "गुरुजी, तुम्हीच दोन शब्द बोला ना जी."

नाही म्हणायची सोय नसते. विसाव्यापासून सरण पेटेपर्यंत फार तर पंधरा-वीस मिनिटं हाती असतात, आणि त्यातली बरीच चालण्यात जातात. कागद नसतो, माईक नसतो. समोर रडणारं घर असतं आणि मागे कडेला बसून हळू आवाजात कापसाच्या भावाचं बोलणारी माणसं असतात. इतक्या कमी वेळात धड बोलता येतं का? येतं. त्याचा सांगाडा इतका साधा आहे, की तो पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी थक्क झालो. तो आपण शाळेत सातवी-आठवीतच शिकलेलो असतो. वर्तमानकाळ, भूतकाळ, भविष्यकाळ.

हे मला उमगलं ते टिळकांच्या एका भाषणावरून. गोपाळ कृष्ण गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात वारले. वय अवघं 48. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरून पुण्यात आले आणि स्मशानात बोलले. या दोघांचं काय होतं, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दोघे एकत्र होते, तिथून टिळक 1890 मध्ये बाहेर पडले. 1907 मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा एक जहाल आणि दुसरा मवाळ. टिळक मंडालेहून 1914 मध्ये सुटून आल्यावरही जहालांना काँग्रेसमध्ये परत घ्यायचं की नाही, यावरून तणातणी चालूच होती. अशा माणसाला प्रतिस्पर्ध्याच्या चितेपुढे बोलायचं होतं, तेही जवळजवळ तयारीविना.

त्यांनी काय केलं पाहा. सुरुवात समोरच्या क्षणापासून केली. ही वेळ जयघोषाची नाही, डोळ्यांतून पाणी वाहू देण्याची आहे, हा महाराष्ट्राचा अलंकार आज या भूमीवर कायमचा विसावतो आहे, असं त्यांनी सांगितलं. मग ते मागे गेले. यांना मी तरुणपणापासून ओळखतो, म्हणाले. हे इनामदार नव्हते, जहागीरदार नव्हते, तुमच्या-आमच्यासारखेच साधे गृहस्थ होते, आणि बुद्धीच्या व कामाच्या जोरावर इथवर आले. शेवटी जमलेल्यांकडे वळून विचारलं, यांची जागा घ्यायला तुमच्यातून कुणी पुढे येणार का? प्रयत्न करा, म्हणजे परलोकातही यांना समाधान वाटेल.

आज, तेव्हा, उद्या. मतभेदांचा हिशोब त्यात कुठेच नाही. पण खोटी गोडीही नाही, आणि मला ते जास्त विलक्षण वाटतं. गोखल्यांचं राजकारण बरोबर होतं, असं टिळक एका शब्दानंही म्हणाले नाहीत. कर्तव्य त्यांनी नीट पार पाडलं, एवढंच म्हणाले, आणि तेवढं त्यांना मनापासून मान्य होतं. आपल्याकडे कुणी गेलं की 'त्यांच्या जाण्याने कधीही न भरून निघणारी पोकळी' ठरलेली असते. टिळक त्याच पोकळीपाशी आले आणि ती भरा म्हणाले.

आता आश्चर्य इथे संपत नाही. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेलं ग्रीक भाषेतलं वक्तृत्वाचं एक पुस्तक आहे. ते मेनँडर नावाच्या शिक्षकाच्या नावावर चालतं. जवळचं माणूस गेल्यावर करायच्या शोकभाषणाबद्दल त्यात सांगितलंय, की त्याचे तीन काळांनुसार भाग पाडा, आणि जन्मापासून सुरू करू नका. आधी वर्तमान घ्या, कारण डोळ्यांसमोर जे आहे तेच ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी भिडतं. मग भूतकाळ, मग भविष्य. भाषण दीडशे ओळींपलीकडे नेऊ नका, दुःखातल्या माणसांना लांबण सोसत नाही, असंही त्यात बजावलंय. टिळकांनी ते पुस्तक पाहिलं होतं, असं मला म्हणायचं नाही. शोकात माणसाचं मन ज्या वाटेनं जातं ती वाट बहुधा एकच असावी.

ही मांडणी वीस मिनिटांत का जमते, तेही बघण्यासारखं आहे. मुद्दे पाठ करायला गेलात तर समोर सरण दिसताच ते उडून जातात. क्रियापदाचा काळ मात्र विसरता येत नाही. तोंडातून 'आहे' निघालं की आपण पहिल्या भागात आहोत, 'होते' निघालं की दुसऱ्यात. अडखळलात तर फक्त पुढचा काळ पकडायचा. क्रियापदच हात धरून पुढे नेतं.

मराठीत तर आणखी एक सोय आहे. भूतकाळात आपल्याकडे दोन वाटा आहेत. 'ते पहाटे उठायचे' हा रीतीचा भूतकाळ, म्हणजे माणसाची सवय. 'एकदा ते रात्री दोनला उठले' हा साधा भूतकाळ, म्हणजे घडलेला प्रसंग. मधला भाग रंगवायचा तर आधी एक-दोन 'यायचे, बसायचे, म्हणायचे' सांगायचे आणि मग एकदम 'एके दिवशी' म्हणून साध्या भूतकाळात उतरायचं. सवय ऐकताना लोक माना डोलावतात, कारण ते त्यांनीही पाहिलेलं असतं. प्रसंग सुरू झाला की मागची कुजबुज थांबते. माझ्या अनुभवात फसलेली बहुतेक श्रद्धांजली भाषणं इथेच फसतात. 'ते मनमिळाऊ होते, परोपकारी होते, कष्टाळू होते' अशी होत्यांची रांग लागते आणि काही घडतच नाही. कसोटी सोपी आहे. त्या वाक्यात गावातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घालून बघा. चपखल बसलं तर वाक्य सोडून द्या.

मग तो प्रसंग आणायचा कुठून? चालता चालता विचारून. पण मुलाला विचारू नका. तो त्या वेळी काही सांगण्याच्या स्थितीत नसतो, आणि विचारलंच तर 'बाबा फार चांगले होते' एवढंच म्हणतो. शेजाऱ्याला विचारा, सोबत काम केलेल्याला विचारा. 'माणूस कसा होता' असंही विचारू नका, त्यानं विशेषणंच हाती येतात. 'सकाळी काय करायचे?' किंवा 'त्यांना राग कशाचा यायचा?' असं विचारा. त्याला काहीतरी आठवतं, आणि पाठोपाठ गोष्ट येते. ती आणखी एकाच्या तोंडून ताडून घ्या. चुकीची गोष्ट त्या घरात वर्षानुवर्षं लक्षात राहते.

आवाज फुटला तर? गळ्यात आवंढा का येतो, याचं एक कारण असं सांगतात: भावना दाटली की शरीर जास्त हवा घ्यायला स्वरयंत्राचं दार उघडं ठेवू बघतं, आणि आपण गिळायला गेलो की तेच दार बंद करू पाहतो. दोन्ही ओढींची झटापट गाठीसारखी जाणवते. म्हणून आवंढा गिळायचा प्रयत्न केला की तो वाढतो. थांबायचं, श्वास हळूहळू बाहेर सोडायचा आणि छोटं वाक्य घ्यायचं. ऐकणारे थांबतात, घाई फक्त आपल्याला असते. आणि उभं राहताना वारा कुठून येतोय ते बघा. धुराच्या तोंडाशी उभं राहून कुणाला बोलता आलेलं नाही.

एका ठिकाणी मात्र ही मांडणी जशीच्या तशी चालवू नये. लहान लेकरू गेलं असेल, किंवा एखाद्यानं स्वतःच जीव दिला असेल, तर तिसरा काळ गाळायचा. आमच्या भागाला हे दुसरं दुःख नवं नाही. 'त्यांचा आदर्श घ्या' हे वाक्य तिथे भयंकर ठरतं. कर्ज, दारू, भांडण, कारण काहीही असो, सरणापुढे कारणमीमांसा करू नये. कसा गेला हे सगळ्यांना माहीत असतं, कसा जगला याची एक सवय सांगायची आणि घरच्यांच्या शेजारी आपण आहोत एवढं म्हणून बसायचं. तीन-चार वाक्यांत हे होतं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. समजा, किन्हीराजात नळाला पाणी सोडणारे, सगळे ज्यांना भाऊ म्हणत असे एक गृहस्थ गेले. तुम्हाला विसाव्यावर सांगितलं गेलं. चालताना तुम्ही त्यांच्या शेजारणीच्या मुलाला विचारलं, उन्हाळ्यात काय करायचे? त्यानं एक गोष्ट सांगितली, आणि पुढे चाललेल्या दुसऱ्या शेजाऱ्यानं ती खरी असल्याचं सांगितलं. मग असं बोलता येईल:

"आज सकाळी आपल्याकडे नळ आले, पण चावी दुसऱ्याच हातानं फिरवली. भाऊ इथं आपल्यापुढे आहेत, आणि पहिल्यांदाच आपल्या आधी झोपले आहेत.

भाऊ पहाटे चारला निघायचे. खांद्यावर ती लांब चावी असायची. त्यांच्या चपलांचा आवाज आला की बाया घागरी काढायच्या. एका उन्हाळ्यात टाकी अर्धीच भरू लागली, वरच्या गल्लीत पाणी चढेना. तेव्हा भाऊंनी स्वतःच्या घरचा नळ आठ दिवस बंद ठेवला. घरात विहिरीचं पाणी आणलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मलाही आत्ता येताना कळलं.

उद्या पहाटे पुन्हा नळ येतील. भांडं भरलं की तोटी बंद करा. भाऊ, या आता."

एवढंच. घाई न करताही हे एका मिनिटाच्या आसपास संपतं. 'आहेत' वरून 'निघायचे'कडे, तिथून 'ठेवला'कडे आणि मग 'येतील'वर. 'भाऊ, या आता' हे वाक्य मात्र आधी ठरवून ठेवलेलं असावं, कारण शेवट कुठे करायचा हे न ठरवता उभा राहिलेला माणूस तीन वेळा शेवट करतो आणि चौथ्यांदा पुन्हा जन्मगावापासून सुरू होतो. त्यानंतर कुणीतरी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगतं.

जमलं की नाही हे तिथे कळत नाही. टाळ्या नसतात, आणि रडणं आधीपासूनच चालू असतं. ते कळतं परतीच्या वाटेवर. हातपाय धुऊन मंडळी गावाकडे निघतात, पुढे दोघं जण चाललेले असतात, आणि त्यातला एक म्हणतो, "तुला ठाऊक हाय का, एकडाव भाऊनं काय केलतं..."