आधी सरासरी, मग सवलत

परिषदेच्या तिकिटाचे दर ठरवताना बहुतेक आयोजक एकच चूक करतात. आधी नियमित दर ठरवतात आणि त्यातून 'अर्ली बर्ड'ची सवलत वजा करतात.

समजा, पुण्यात डिसेंबरच्या २० तारखेला परिषद आहे. सभागृह, ध्वनियंत्रणा आणि वक्त्यांचा प्रवास मिळून साडेचार लाख, शिवाय माणशी जेवणखाण १,२०० रुपये. २५० जण धरले तर माणशी खर्च ३,००० रुपये. नियमित दर ३,००० आणि पहिल्या शंभरांना २,४०० ठेवला, तर परिषद ६० हजारांनी तोट्यात जाते. खरं तर ३,००० ही सरासरी यायला हवी. म्हणून उरलेल्या दीडशे जणांचा दर ३,४०० ठेवावा लागतो.

सवलतीला तारखेबरोबर संख्येचीही मर्यादा हवी. शंभर तिकिटं संपली की सवलत बंद, नाहीतर हिशेब कोलमडतो.

सवलतीची शेवटची तारीख १० ऑक्टोबर ठेवावी. तोवर पगार झालेले असतात. सभागृहाचा पुढचा हप्ता २० ऑक्टोबरला असेल, तर तो भरण्याआधी प्रतिसाद किती ते कळतं. तोवर चाळीसच तिकिटं गेली असतील, तर छोटं सभागृह शोधायला अजून वेळ असतो. नियमित विक्री १० डिसेंबरला थांबवावी, कारण केटररला पानांचा आकडा द्यायचा असतो.

मुदत मात्र वाढवू नये. एकदा वाढवली की पुढच्या वर्षी लोक वाढीव तारखेचीच वाट पाहतात, आणि वेळेत पैसे भरलेल्यांवर तो अन्याय होतो.