कोडावर रंग परततो तो केसाच्या मुळातून

कोडाच्या पांढऱ्या डागाला उपचार लागू पडू लागले की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्यावर बारीक तपकिरी ठिपके उमटतात. निरखून पाहिलं तर बहुतेक ठिपक्यांच्या मधोमध एक केस असतो. ठिपके पसरतात, एकमेकांना मिळतात आणि डाग भरत जातो. कोणता डाग बरा होईल आणि कोणता हटून बसेल, हे बरंचसं या केसांवर ठरतं.

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बनवतात. कोडामध्ये शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी या मेलॅनोसाइटना शत्रू समजून मारतात. मारताना त्या इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात. त्याच्या प्रभावाखाली त्वचेच्या पेशी आणखी टी-पेशींना बोलावतात आणि डाग वाढत जातो. यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण तो पुरता नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल, तर दुसऱ्यालाही ते असल्याचं एका अभ्यासात फक्त २३ टक्के जोड्यांत आढळलं. काहींना घट्ट नाडी सतत घासते तिथे किंवा जखमेच्या जागी डाग उठतो. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल या रसायनानेही कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. दुधावर मासे खाल्ल्याने मात्र कोड होत नाही आणि ते स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोगाशीही त्याचा संबंध नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट, पण बहुधा बधिर असतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श पूर्ण कळतो.

वरच्या थरातल्या मेलॅनोसाइट मेल्या, तरी केसाच्या मुळाशी त्यांच्या मूळपेशी बऱ्याचदा शिल्लक राहतात. टी-पेशींचा हल्ला थोपवला आणि या मूळपेशींना चालना दिली, तर त्या वर येऊन डागात रंग भरतात.

समजा, पंचवीस वर्षांच्या एका तरुणीच्या गालावर, नडगीवर आणि बोटांच्या टोकांवर डाग आहेत. डॉक्टर आधी वूड्‌स लॅम्पच्या अतिनील प्रकाशात डागांच्या कडा तपासतील. या आजारासोबत थायरॉइडचा विकार अनेकदा आढळतो, म्हणून रक्ततपासणीही सांगतील. मग टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइडचं मलम आणि आठवड्यातून दोन-तीनदा ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचा शेक सुरू होईल. या उपचाराला किमान सहा महिने द्यावे लागतात. गालावर बारीक लव भरपूर असल्यामुळे तिथे रंग लवकर येईल. नडगीला वेळ लागेल. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, त्यामुळे तिथे कदाचित काहीच घडणार नाही. डागावरचे केसही पांढरे झाले असतील, तर तिथला साठा संपल्याची ती खूण असते.

असे हट्टी डाग वर्षभर वाढले नाहीत आणि नवेही उठले नाहीत, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मांडीसारख्या झाकलेल्या जागेची पातळ त्वचा काढून तिच्यातल्या पेशी डागावर पेरतात. पण आजार जागा असताना हे केलं, तर पेरलेला रंगही जातो. बोटांची टोकं आणि ओठ इथे शस्त्रक्रियेलाही यश कमीच मिळतं.

इंटरफेरॉनचा संदेश मध्येच अडवणारं रक्सोलिटिनिब मलम २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी मंजूर झालं. चाचण्यांमध्ये २४ आठवड्यांनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचे डाग किमान तीन-चतुर्थांश भरले. मात्र कोणताही उपचार थांबवल्यावर डाग जुन्याच जागी परतू शकतात, कारण काही टी-पेशी त्वचेतच मुक्काम ठोकून राहतात. बावचीचं तेल लावून घरच्या घरी उन्हात बसणं तर धोक्याचं. बावचीतलं सोरालेन त्वचेला उन्हाबाबत इतकं हळवं करतं की फोड येतात, आणि त्या भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो.

त्या तरुणीचा गाल भरला, तरी बोटं पांढरीच राहतील, आणि चहाचा कप पुढे करताना लोकांची नजर आधी तिथेच जाईल. बाह्या लांब होतात, फोटो टाळले जातात, स्थळ आलं की घरात कुजबुज सुरू होते. नैराश्याचं प्रमाण कोड असलेल्यांमध्ये इतरांहून जास्त आढळतं, आणि डाग किती मोठा आहे यापेक्षा तो कुठे आहे याने पुष्कळदा जास्त फरक पडतो. पुण्यात स्वतः कोड असलेल्या डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली ‘श्वेता असोसिएशन’ अशा लोकांचे स्वमदत गट चालवते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे.

म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी कोणत्या जागी रंग येण्याची आशा आहे आणि कोणत्या जागी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मग बोटांसाठी वर्षानुवर्षं दवाखाने पालथे घालायचे, रंग लावून डाग झाकायचे, की ते तसेच राहू द्यायचे, हे तिला माहितीनिशी ठरवता येईल. उपचार न घेण्याचा निर्णयही वैद्यकीयदृष्ट्या चालतो, कारण डागाने शरीराला फारशी इजा होत नाही. फक्त त्या जागेला उन्हापासून जपावं लागतं.