भिजलेल्या साड्यांची ताळेबंदातली किंमत

एका साडी दुकानाचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात गोदामाचं छत गळलं आणि प्रत्येकी 1,200 रुपयांना पडलेल्या 100 साड्यांवर पाण्याचे डाग पडले. या 1,200 मध्ये खरेदी किंमत आणि गाडीभाडं आलं. जीएसटीचा परतावा मिळतो, म्हणून तो यात धरलेला नाही. मार्चअखेर माल मोजताना या साड्या किती रुपयांना लिहायच्या? बरेच दुकानदार जुनाच आकडा पुढे ओढतात. माल तर कपाटात आहे, मग कमी का लिहायचा, असा त्यांचा सवाल असतो.

हिशोबाचा नियम सांगतो की शिल्लक माल दोन आकड्यांपैकी जो कमी, त्या किमतीला लिहायचा. पहिला आकडा म्हणजे माल आपल्याला केवढ्याला पडला. दुसरा म्हणजे निव्वळ वसूल होणारी किंमत, म्हणजे नेहमीच्या धंद्यात तो जेवढ्याला विकला जाईल असा अंदाज आहे, त्यातून विकण्यायोग्य करण्याचा आणि विकण्याचा खर्च वजा करून उरणारी रक्कम. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेच्या लेखा मानक 2 मध्ये हे लिहिलं आहे.

डागाळलेल्या साड्यांना एक व्यापारी 700 रुपये द्यायला तयार आहे. त्याआधी ड्रायक्लीनिंगला साडीमागे 60 रुपये जातील आणि दलालाला 5 टक्के, म्हणजे 35 रुपये. हाती उरतात 605. म्हणून ताळेबंदात 1,200 नव्हे, 605 लिहायचे. साडीमागे 595 आणि 100 साड्यांचे 59,500 रुपये याच वर्षीच्या नफ्यातून कमी होतील, कारण अखेरचा माल जितका कमी दिसतो, तितका ढोबळ नफा कमी होतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या पायरीला. याच दुकानात 200 चांगल्या साड्याही आहेत. पडल्या 800 ला आणि खर्च वजा जाता 1,100 ला सहज विकल्या जातील. आता दोन्ही गठ्ठ्यांची बेरीज एकत्र केली, तर पडलेली किंमत 2,80,000 आणि वसूल होणारी 2,80,500. म्हणजे कागदावर कुठेच नुकसान नाही! चांगल्या साड्यांचा अजून न कमावलेला नफा डागाळलेल्या साड्यांचा तोटा गिळून बसतो. म्हणूनच तुलना सहसा एकेका वस्तूची किंवा एकाच जातीच्या, सारख्या मालाची करायची. तशी केली की अखेरचा माल 2,20,500 येतो. फरक बरोबर त्याच 59,500 चा.

हा तोटा यंदाच दाखवण्याचा आग्रह मला पूर्ण पटतो. पाणी या वर्षी शिरलं. 1,200 चा आकडा तसाच ठेवला, तर पुढल्या वर्षी साड्या विकताना तोटा दिसेल आणि त्या वर्षीच्या धंद्यावर विनाकारण बट्टा लागेल. शिवाय बँक कॅश क्रेडिटची मर्यादा मालाच्या याच किमतीवर ठरवते. फुगलेल्या मालावर उचललेलं कर्ज साड्या विकून फिटत नाही.

विक्रीची किंमत कुठून आणायची? पेटीवरच्या छापील किमतीवरून तर नक्कीच नाही. सगळ्यात बोलका पुरावा असतो तो एप्रिल-मे मधल्या बिलांचा. मार्चमध्ये 1,200 ला लिहिलेली साडी एप्रिलमध्ये 700 ला गेली असेल, तर हिशोब तपासणारा तिथेच बोट ठेवतो. अजून काही विकलं गेलं नसेल, तर डागांचे फोटो, व्यापाऱ्याचा लेखी भाव आणि ड्रायक्लीनिंगचं दरपत्रक फायलीत असावं. ‘माल जुना झाला, दहा टक्के उडवा’ असा ठोक हिशोब यापुढे टिकत नाही, कारण जुनी साडी कधी पूर्ण भावाला जाते आणि नवी कोरी डाग पडताच निम्म्यावर येते.

कच्च्या मालाला मात्र एक वेगळी वाट आहे. यंत्रमागवाल्याकडच्या सुताचा बाजारभाव घसरला, म्हणून लगेच सूत कमी किमतीला लिहायचं नाही. त्या सुताचं कापड पडलेल्या किमतीला किंवा त्याहून जास्त भावाला विकलं जाणार असेल, तर सूत मूळ किमतीलाच राहतं. कापडालाच भाव उरला नाही, तर मात्र सूतही खाली आणावं लागतं; तेव्हा आज तेवढंच सूत केवढ्याला मिळेल, हा भाव बहुधा सर्वांत योग्य मोजमाप ठरतो.

साड्या कमी किमतीला लिहिणं आणि त्या पूर्ण बाद करणं यांत जीएसटीच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. 605 ला लिहिलेल्या साड्या पुढे कर लावून विकल्या जातात, म्हणून खरेदीवर घेतलेला परतावा टिकतो. पण त्यातल्या वीस साड्या कुजल्या आणि पुस्तकांतून पूर्ण काढून टाकल्या, तर त्या वीस साड्यांवर घेतलेला परतावा उलटवावा लागतो. म्हणून मार्चअखेरच्या यादीत या दोन गठ्ठ्यांची नोंद वेगवेगळी हवी.