दोन दाढांमधली सावली

पंचविशीतल्या एका तरुणाच्या खालच्या उजव्या दाढांमध्ये जेवताना घास अडकतो. आरशात पाहिलं तर कुठेच खड्डा नाही. दाढा एकमेकींना टेकतात त्या जागी डॉक्टरांचा छोटा आरसा पोहोचत नाही. अशा वेळी बाइटविंग एक्स-रे काढतात. फिल्मला मध्ये एक छोटी पट्टी असते, ती रुग्ण दातांत चावून धरतो. वरच्या-खालच्या दाढांचे माथे आणि त्यांच्यामधल्या हाडाचं टोक एकाच चित्रात येतं. मुळांची टोकं मात्र येत नाहीत.

आधी मी एकच गोष्ट पाहते: शेजारच्या दाढांची आवरणं एकमेकांवर चढलेली तर दिसत नाहीत ना? किरण तिरपे गेले की तसं होतं आणि नेमकी टेकण्याची जागा झाकली जाते. मग फोटो पुन्हा काढावा लागतो.

या तरुणाचा फोटो स्वच्छ होता. पहिल्या दाढेच्या मागच्या बाजूला, टेकण्याच्या जागेच्या जरा खाली, पांढऱ्याशुभ्र इनॅमलमध्ये काळसर त्रिकोणी खाच होती. पाया बाहेर, टोक आत. कीड बहुधा इथूनच शिरते. टोक इनॅमलच्या अर्ध्यावर थांबलं होतं. पण बरंचसं खनिज गेल्याशिवाय सावली उमटत नाही, म्हणून कीड दिसते त्यापेक्षा थोडी खोल धरायची. वर खड्डा पडलाय का, हेही सावली सांगत नाही. अशा दाढेला मी ड्रिल लावत नाही. फ्लोराइडचा लेप देते, रोज दोरा फिरवायला सांगते आणि काही महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा फोटो काढते. सावली इनॅमल ओलांडून डेंटिनमध्ये पसरली, तर भरणं भरायचा विचार करावा लागतो.

पुढच्या उपदाढेच्या मानेवर आणखी एक काळसर पट्टा होता. नवखा माणूस इथे हमखास फसतो. वर इनॅमल, खाली हाड आणि मध्ये पातळ मान. तिथून किरण जास्त आरपार जातात, म्हणून ती काळी भासते. पट्टा टेकण्याच्या जागेपासून खाली, हाडाच्या जवळ होता आणि दाताची कड अखंड होती. कोन बदलून काढलेल्या फोटोत तो नाहीसा झाला. ती कीड नव्हती.

मग हाड. निरोगी तोंडात हाडाचं टोक इनॅमल संपतं त्या रेषेपासून साधारण दीड-दोन मिलिमीटर खाली असतं आणि शेजारच्या दोन्ही दातांच्या त्या रेषा जोडल्या तर त्यांना समांतर चालतं. घास अडकायचा तिथे ते साडेतीन मिलिमीटरवर होतं आणि दुसऱ्या दाढेच्या बाजूने तिरकं खचलं होतं. ही झीज जुनी की अजून चालू, ते एका फोटोवरून ठरत नाही. शिवाय गालाकडचं आणि जिभेकडचं हाड दातामागे लपतं. म्हणून मी हिरडीच्या कडेने खुणांची सळई घालून खोली मोजली: पाच मिलिमीटर, आणि सळई काढताच रक्त आलं.