शोरूमपर्यंत किती जण आले?

पुण्यातल्या एखाद्या मॉड्युलर किचनवाल्याला जाहिरात एजन्सीकडून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पीडीएफ येते. तीस-पस्तीस स्लाइड्सची. आधी दोघांचे लोगो, मग ‘या महिन्यात आम्ही काय केलं’: इतक्या पोस्ट, इतकी रील्स, अमुक सणाचं क्रिएटिव्ह. त्यानंतर इन्स्टाग्रामचा रीच, फेसबुक जाहिरातींचे स्क्रीनशॉट, गुगलचे आलेख. शेवटाकडे ‘पुढील नियोजन’ आणि त्याखाली ‘कॅम्पेन आणखी ऑप्टिमाइझ करणे’ अशी ओळ. मालक मोबाइलवर ती उघडतो, तीन-चार वेळा बोट फिरवतो आणि अकाउंट मॅनेजरला फोन लावतो, “मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण गिऱ्हाईक किती आलं?”

याचं उत्तर रिपोर्टमध्ये नसतं, पण त्यामागे आळस नाही. एजन्सीला महिन्याची ठरावीक फी मिळते, त्यामुळे रिपोर्ट हा कष्टांचा पुरावा होऊन बसतो. काम जितकं जास्त, तितक्या स्लाइड्स जास्त. शिवाय मेटा आणि गुगल जे आकडे आयते देतात, तेच रिपोर्टमध्ये जातात. शोरूममध्ये कोण येऊन गेलं हे त्या दोघांनाही आपोआप कळत नाही. ती नोंद असते मालकाच्या सेल्समनच्या वहीत.

म्हणून लांबलचक रिपोर्टचं एक पान करायचं, तर सुरुवात स्लाइड्स गाळण्यापासून होत नाही. ती त्या वहीपासून होते. सेल्सच्या माणसाकडून चारच गोष्टी हव्यात: चौकशी करणाऱ्याचा फोन नंबर, तो कुठून आला, शोरूमला आला का, ऑर्डर दिली का. एजन्सीकडच्या लीडच्या यादीशी ते नंबर जुळवायचे. एकच माणूस फेसबुकवरही फॉर्म भरतो आणि गुगलवरूनही फोन करतो, तो इथे सापडतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक एजन्स्या नेमकं हेच टाळतात असं माझं मत आहे.

समजण्यापुरते आकडे घेऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहिरातींवर दीड लाख रुपये गेले. त्यातले ९६ हजार मेटावर गेले, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर, आणि ५४ हजार गुगल सर्चवर. मेटावरून २४० लीड आले, एक लीड ४०० रुपयांना. गुगलवरून ४५ आले, प्रत्येकी १,२०० रुपयांना. जुन्या रिपोर्टमध्ये याचं चित्र साहजिकच ‘मेटावर तिप्पट स्वस्त लीड’ असं रंगलं असतं आणि पुढच्या महिन्यात मेटाचं बजेट वाढलं असतं.

आता वही उघडू. मेटाच्या २४० जणांपैकी शोरूमला आले १२. गुगलच्या ४५ पैकी १५. म्हणजे शोरूममध्ये माणूस आणायला मेटावर ८,००० रुपये लागले आणि गुगलवर ३,६००. निष्कर्ष उलटाच झाला. असं का होतं, तेही समजण्यासारखं आहे. गुगलवर माणूस स्वतःहून ‘मॉड्युलर किचन’ शोधत येतो. इन्स्टाग्रामवर तो भाच्याचे फोटो बघत असतो, मध्ये जाहिरात येते, बटण दाबलं जातं. मेटाच्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर प्रोफाइलवरून आधीच भरून येऊ शकतात, म्हणून दोन टिचक्यांत लीड तयार होतो. सेल्समन फोन करतो तेव्हा पलीकडून उत्तर येतं, “मी कुठे फॉर्म भरला?”

ऑर्डरींचा आकडा यापेक्षाही मोलाचा, तरी मी तो पानाच्या माथ्यावर ठेवणार नाही. किचनची ऑर्डर पक्की व्हायला एक-दोन महिने सहज जातात. घरच्यांची संमती, फ्लॅटचा ताबा, बँकेचा हप्ता, सगळं जुळावं लागतं. सप्टेंबरच्या सात ऑर्डरींतल्या काही जुलैच्या चौकशीतून आलेल्या असणार. शिवाय आकडा इतका लहान की पाचाच्या सात होणं निव्वळ योगायोगही असू शकतो. शोरूमभेट हा मधला टप्पा पैशाच्या जवळचा आहे आणि महिन्याच्या महिन्याला मोजताही येतो. प्रत्येक धंद्यात असा टप्पा वेगळा: दंतवैद्याकडे तो ठरलेली अपॉइंटमेंट, क्लासवाल्याकडे डेमो लेक्चरला बसलेला विद्यार्थी.

मग पानाचा वरचा भाग असा होतो:

“सप्टेंबरमध्ये जाहिरातींतून २७ कुटुंबं शोरूमला आली, ऑगस्टमध्ये ३४ आली होती. एका भेटीमागचा खर्च सुमारे ४,४०० वरून ५,५५० रुपयांवर गेला. घट मुख्यतः ८ ते २१ तारखेदरम्यान, पितृपक्षात झाली. मेटावरचे बरेच लीड कामाचे नाहीत, ही अडचण मात्र त्याआधीपासूनची आहे. मेटाचे ३० हजार रुपये गुगलकडे वळवावेत असं आम्ही सुचवतो. ८ ऑक्टोबरपर्यंत आपला होकार हवा.”

पहिलंच वाक्य वाईट बातमीचं आहे, आणि एजन्सीत यावरच सगळ्यात जास्त वाद होतो. रीच वाढल्याची स्लाइड आधी दाखवू, असं कुणीतरी सुचवतंच. पण सात भेटी कमी झाल्याचं मालकाला रिकाम्या शोरूमवरून आधीच कळलेलं असतं.

पितृपक्ष हे कारण खरं की सबब, हे तारखा लावून तपासता येतं. पहिल्या आठवड्यात, गणपती असूनही, ७ भेटी. पुढच्या चौदा दिवसांत फक्त ६. घटस्थापनेपासून महिनाअखेर, नऊ दिवसांत, १४. हा उतार-चढाव दिसला तरच कारण लिहायचं. सणांची हीच गोष्ट गेल्या वर्षाशी तुलना करतानाही आडवी येते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे ऑक्टोबर शेजारी ऑक्टोबर ठेवला की दिवाळीपूर्वीच्या खरेदीचे दिवस दोन्हींकडे सारखे भरत नाहीत. दिवाळीआधीचे चार आठवडे दोन्ही वर्षांचे शेजारी ठेवले तर तुलना रास्त होते.

खाली ऑगस्ट आणि सप्टेंबरचा लहानसा तक्ता पुरतो: खर्च, लीड, भेटी, ऑर्डरी. त्याखाली पुढची पावलं. ‘ऑप्टिमाइझ करणे’ हे पाऊल नव्हे, कारण ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. पाऊल असं लिहायचं: “मेटाच्या फॉर्ममध्ये माहिती पुन्हा तपासून पाठवण्याचा टप्पा घालू आणि ‘फ्लॅटचा ताबा मिळाला का?’ हा प्रश्न वाढवू. आमच्याकडून, ६ ऑक्टोबरपर्यंत. लीड निम्म्यावर येतील, ते अपेक्षित आहे. भेटीही निम्म्यावर आल्या, तर बदल मागे घेऊ.” लीड घटणार हे आधी सांगून ठेवलं नाही, तर पुढच्या महिन्यात त्याच आकड्यावरून मालक धास्तावतो.

गुगलकडे पैसे वळवण्यालाही मर्यादा आहे. पुण्यात महिन्याला किचन शोधणारे मोजकेच. बजेट संपल्यामुळे आपली जाहिरात किती शोधांत दिसली नाही, हे गुगल अ‍ॅड्सच्या खात्यात पाहता येतं. तो वाटा मोठा असेल तरच ३० हजारांना तिथे जागा आहे. तो नगण्य असेल तर जादा पैसे ‘स्वस्त किचन ट्रॉली’ शोधणाऱ्यांवर उडतात.

बाकीच्या स्लाइड्स फेकायच्या नाहीत. त्या परिशिष्टात जातात. मालकाचा मुलगा किंवा हिशेब पाहणारा कुणी एखाद्या आकड्याचा उगम विचारतो, तेव्हा त्या लागतात. आणि जिथे वहीच मिळत नाही, सेल्समन नोंदी ठेवत नाही किंवा मालक त्या दाखवत नाही, तिथे पान अर्धवटच राहतं. तेव्हा माथ्यावर लीडचाच आकडा द्यावा, भेटी मोजलेल्या नाहीत हे त्याच ओळीत लिहावं आणि पुढच्या पावलांत पहिलं पाऊल मालकाच्या नावावर टाकावं: नोंदवही, शोरूमच्या दाराशी, येत्या सोमवारपासून.