पैसे सुटले का? जाहिरातीचा आठवड्याचा हिशेब

कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला करून विकणाऱ्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर त्यांच्या जाहिराती चालतात. जाहिरातीवर बोट ठेवलं की गिऱ्हाईक थेट त्यांच्या व्हॉट्सॲपवर येतं, पैसे यूपीआयने येतात आणि मसाला कुरिअरने जातो. जाहिरातींचं काम पुतण्याकडे आहे. दर आठवड्याला तो ॲड्स मॅनेजरचा स्क्रीनशॉट पाठवतो. त्यात रीच असतो, इम्प्रेशन असतात, क्लिकचे टक्के असतात. काकूंना मात्र एवढंच कळायला हवं असतं की, घातलेले पैसे सुटले का?

हे उत्तर त्या स्क्रीनशॉटमध्ये नसतं, कारण ॲड्स मॅनेजरला जे दिसतं तेवढंच ते मोजतं. व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत त्याची नजर `Messaging conversations started` या रकान्यापर्यंत, म्हणजे किती जणांनी बोलणं सुरू केलं इथपर्यंत पोचते. पुढे कोणी पैसे भरले, कोण नुसता भाव विचारून गेला, हे काकूंच्या ऑर्डरच्या वहीत असतं. म्हणून आठवड्याचा अहवाल वहीपासून सुरू करायचा आणि ॲड्स मॅनेजरचे आकडे त्याच्या मागे लावायचे.

त्यासाठी प्रत्येक ऑर्डर कोणत्या जाहिरातीतून आली, हे वहीत लिहिलेलं असलं पाहिजे. व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज आपल्याला आधीच लिहून ठेवता येतो. तो प्रत्येक जाहिरातीला वेगळा ठेवावा. एकीला ‘नमस्कार, व्हिडिओ पाहिला, मसाला हवा आहे’, दुसरीला ‘नमस्कार, 1 किलोचा भाव पाहिला’. काही जण तो मजकूर बदलतात, पण बहुतेक ठिकाणी ओळख पटते. मग वहीत एक रकाना वाढवायचा आणि ऑर्डरसमोर ‘व्हिडिओ’ किंवा ‘फोटो’ लिहायचं. जुनं गिऱ्हाईक पुन्हा आलं तर ‘जुने’ लिहायचं, म्हणजे त्याचं श्रेय या आठवड्याच्या जाहिरातीला जात नाही.

आता एक आठवडा मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरतेच आहेत. 1 किलो मसाला कुरिअरसह 650 रुपयांना जातो. माल, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता काकूंच्या हाती 300 रुपये उरतात. जाहिरातीचा खर्च या 300 मध्येच बसला पाहिजे. ॲड्स मॅनेजरमध्ये `Amount spent` 7,000 रुपये दिसतो, पण त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून गेले 8,260. जीएसटी नोंदणी असेल आणि त्या कराची वजावट मिळत असेल, तर करसल्लागाराला विचारून ही रक्कम बाजूला काढता येते. काकूंची नोंदणी नाही, त्यामुळे त्यांचा खर्च 8,260 हाच.

या आठवड्यात 140 जणांनी बोलणं सुरू केलं, आदल्या आठवड्यात 110 जणांनी. खर्च तेवढाच असल्याने स्क्रीनवर एका संभाषणाचा खर्च सुमारे 64 रुपयांवरून 50 वर आलेला दिसतो. नुसता स्क्रीनशॉट पाहिला तर हा चांगला आठवडा आहे. वही मात्र सांगते की ऑर्डर 33 वरून 28 वर आल्या.

जाहिराती वेगळ्या काढल्या की कारण सापडू लागतं. मसाला कांडतानाच्या व्हिडिओवर 3,000 रुपये गेले, 45 जण बोलले, 18 जणांनी घेतला. फोटोवर 4,000 गेले, 95 जण बोलले, पण घेतला 10 जणांनीच. जीएसटी धरून व्हिडिओची ऑर्डर 197 रुपयांना पडली आणि फोटोची 472 ला. म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक ऑर्डरमागे 103 रुपये उरले आणि फोटोच्या प्रत्येक ऑर्डरमागे 172 रुपये पदरचे गेले. संभाषण स्वस्त, पण ऑर्डर महाग, असा हा प्रकार आहे. जाहिरात यंत्रणेला आपण ‘संभाषणं आण’ असं सांगितलेलं असतं, म्हणून ती स्वस्त संभाषणं मिळतात तिकडे पैसे वळवते. आपण लक्ष दिलं नाही, तर फोटोचा वाटा वाढतच जाईल.

असं का झालं, हे कळायला आकडे पुरत नाहीत. फोटोवरून आलेली वीसेक संभाषणं उघडून, गिऱ्हाईक कोणत्या वाक्यानंतर गप्प झालं, ते पाहायचं. इथे बहुतेक जण ‘कुरिअरचे 80 वेगळे’ या वाक्यानंतर थांबले. फोटोवर 570 रुपये एवढाच भाव होता, तर व्हिडिओच्या शेवटी ‘कुरिअरसह 650’ असं स्पष्ट लिहिलं होतं.

आता काकूंना पाठवायचा अहवाल एवढाच होतो:

“काकू, नमस्कार. सोमवार ते रविवारचा हिशेब.
जाहिरातीला करासह 8,260 रुपये गेले. 28 नव्या ऑर्डर आल्या, त्यांतून 8,400 सुटले. शिल्लक 140 रुपये, म्हणजे जेमतेम बरोबरी.
व्हिडिओने 1,860 मिळवून दिले, फोटोने 1,720 घालवले.
फोटो पाहून येणाऱ्यांना कुरिअरचे पैसे नंतर कळतात आणि ते थांबतात.
फोटोवर ‘कुरिअरसह 650’ लिहितो आणि त्याचं बजेट निम्मं करतो. चालेल का?
यामुळे मेसेज कमी येतील. ऑर्डर किती येतात ते पाहू.”

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. पूर्ण भाव आधीच दिसला की नुसती चौकशी करणारे गळतात आणि एका संभाषणाचा खर्च वाढतो. हे आधी सांगितलं नाही, तर पुढच्या आठवड्यात फोन कमी वाजतो म्हणून मालक घाबरतो आणि योग्य बदल परत फिरवला जातो.

या हिशेबाच्या मर्यादाही मालकाला ठाऊक हव्यात. रविवारी बोललेलं गिऱ्हाईक मंगळवारी पैसे भरतं, म्हणून अहवाल सोमवारी घाईने न करता बुधवारी करावा आणि ऑर्डर तिचं संभाषण ज्या आठवड्यात सुरू झालं त्यात धरावी. 33 च्या 28 झाल्या, एवढा फरक योगायोगानेही पडतो. म्हणून शेजारी मागच्या चार आठवड्यांची सरासरी लिहावी आणि फरक दोन-तीन आठवडे टिकला तरच जाहिरात बंद करावी. फोटोवरचा भाव दुरुस्त करायला मात्र थांबायचं कारण नाही, कारण ती अडचण संभाषणांत वाचायला मिळाली आहे. रोज बदल करणंही टाळावं. मोठा बदल केला की यंत्रणा पुन्हा शिकू लागते, आणि तिला स्थिरावायला साधारण आठवड्यात 50 निकाल लागतात. तोवरचे भाव वर-खाली होतातच.

जाहिरात पाहून कोणी शेजारणीला सांगतं, ती थेट फोन करते. ही ऑर्डर कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. तिला ‘माहीत नाही’ असंच लिहावं. अशा नोंदी फार वाढल्या, तर पहिला मेसेज किंवा वहीतली नोंद कुठेतरी चुकते आहे असं समजून आधी ती दुरुस्त करावी, मगच जाहिरातीबद्दल निर्णय घ्यावा.